कुठे जाणार ते ठरलेलं नाही, मग स्क्रिप्टमध्ये बी-रोल आणि टेक्स्ट कसं लिहायचं?

ठरलेल्या सहलीचा व्लॉग लिहिणं सोपं असतं. पहिल्या दिवशी अमुक गाव, दुसऱ्या दिवशी तमुक धबधबा, तिसऱ्या दिवशी परतीची गाडी. प्रत्येक ठिकाणापुढे शॉट्सची यादी केली की काम झालं. पण ज्यांना स्टँडवर उभं राहून कुठली गाडी पकडायची ते ठरवायला आवडतं, त्यांच्यासाठी ही पद्धत निरुपयोगी आहे. मग ते बहुधा दोनपैकी एक करतात. एक तर दिसेल ते शूट करत सुटतात, नाहीतर स्क्रिप्टचा नाद सोडून सगळं एडिटिंगवर ढकलतात. दोन्हीचा शेवट एकच. टाइमलाइनवर देखण्या क्लिप्सचा ढीग असतो आणि व्हॉइसओव्हरमध्ये ‘मग आमचा बेत बदलला’ हे वाक्य येतं तेव्हा त्याखाली टाकायला एकही शॉट नसतो. शेवटी तिथे सूर्यास्त लावला जातो. प्रवासाच्या व्लॉगमध्ये बिचाऱ्या सूर्यास्ताला फार ओझं वाहावं लागतं.

ही अडचण सोडवता येते, कारण ठिकाणं माहीत नसली तरी प्रसंग माहीत असतात. तुम्ही कुठेही गेलात तरी कुठेतरी पोहोचणार, आजूबाजूला पाहणार, कशाची तरी वाट बघणार, कुणाशी तरी बोलणार, पुढे कुठे जायचं ते ठरवणार आणि तिथून निघणार. स्क्रिप्ट या प्रसंगांची लिहायची, प्रत्येक प्रसंगाचा एक कप्पा. ठिकाणाचं नाव येईल तिथे चौकटी कंस टाकून जागा रिकामी सोडायची. आता या कोऱ्या कप्प्यांमध्ये बी-रोल, म्हणजे व्हॉइसओव्हरखाली लावायचे शॉट, आणि स्क्रीनवरचं टेक्स्ट आधीच कसं लिहून ठेवायचं, ते बघू.

तीन रकाने आणि एक नियम

जाहिराती आणि माहितीपट लिहिणारे पूर्वीपासून पानाचे दोन भाग करतात: एकीकडे जे दिसणार ते, दुसरीकडे जे ऐकू येणार ते. आपण तिसरा रकाना वाढवायचा. आवाज, चित्र, टेक्स्ट. वहीत रेघा मारा किंवा फोनमधल्या नोट्समध्ये एकाखाली एक लिहा, त्याने फरक पडत नाही. प्रत्येक माहिती एकाच रकान्यात जायला हवी, हे मात्र पाळायचं.

वाटणी अशी. काय आहे ते चित्र दाखवतं. असं का झालं आणि आम्हाला काय वाटलं ते आवाज सांगतो. जे नेमकं असायला हवं ते टेक्स्टमध्ये जातं: गावाचं नाव, वेळ, अंतर, भाडं, माणसाचं नाव. ‘आम्ही दुपारी सव्वाबाराला अमुक गावाच्या स्टँडवर पोहोचलो’ असं आवाजात बोलून वर तेच अक्षरांत दाखवलं, तर प्रेक्षक तेच दोनदा घेतो आणि दोन्हीकडे त्याचं अर्धवट लक्ष राहतं.

बेत ठरलेला नसेल तर या वाटणीचा आणखी एक मोठा फायदा होतो. नावं आणि आकडे प्रवासाआधी माहीत नसतात आणि प्रवासातही शेवटपर्यंत बदलत राहतात. ते आवाजात अडकवले की प्रत्येक बदलाला पुन्हा रेकॉर्डिंग आलं, आणि घरी केलेलं रेकॉर्डिंग मूळच्या आवाजाला कधीच नीट जुळत नाही. टेक्स्टमध्ये ठेवले की एडिटिंगच्या शेवटच्या तासालाही दुरुस्त करता येतात. म्हणून मी सोपा निकष वापरतो: जी गोष्ट चुकीची ठरू शकते किंवा जी अजून कळलेली नाही, ती टेक्स्टच्या रकान्यात. आवाजात फक्त तेच वाक्य, जे ठिकाण बदललं तरी खरं राहील.

सगळ्यात महत्त्वाचा कप्पा: फाटा

पोहोचणं, निघणं, गावातून फेरफटका हे कप्पे बहुतेकांना आपोआप जमतात. निर्णयाचा क्षण मात्र राहून जातो. त्या क्षणी हातात बॅग असते, डोक्यात गोंधळ असतो आणि कॅमेरा बंद असतो. पण बेत नसलेल्या प्रवासाची गोष्ट घडते ती याच जागी. प्रेक्षकाला पुढचं गाव बघायचं असतं, आणि तुम्ही तिकडे का वळलात हेही. म्हणून ‘फाटा’ नावाचा कप्पा निघण्याआधीच पूर्ण लिहून ठेवायचा. तो साधारण असा दिसतो:

आवाज: [अ]कडे जायचं जवळजवळ ठरलं होतं. [काय घडलं]. मग [ब]कडे निघालो.

चित्र १: दोन्ही पर्याय जिथे लिहिलेले दिसतात ती वस्तू, म्हणजे पाटी, वेळापत्रक किंवा नकाशा. कॅमेरा स्थिर, १२ सेकंद, फ्रेमची एक बाजू रिकामी.

चित्र २: [अ]ची दिशा, लांबून. १० सेकंद.

चित्र ३: [ब]ची दिशा, लांबून. १० सेकंद.

चित्र ४: हात किंवा सामान, जवळून. १० सेकंद.

चित्र ५: निघताना, ज्या वाहनात किंवा ज्या रस्त्यावर असू तिथून. १५ सेकंद.

टेक्स्ट १: [अ] [अंतर] / [ब] [अंतर]. चित्र १ वर.

टेक्स्ट २: [वेळ]. वाट पाहण्याच्या शॉटवर.

टेक्स्ट ३: [कारण, दोन-तीन शब्दांत]. आवाजात ते कारण येईल त्या शब्दावर.

यात दोन्ही दिशांचे शॉट मागितले आहेत, आणि तेही निर्णय व्हायच्या आधी. हे मुद्दाम आहे. कुठला पर्याय निवडला जाईल ते शूट करताना माहीत नसतं, त्यामुळे न निवडलेल्या वाटेचाही एक शॉट हातात असावा लागतो. तो नसेल तर ‘तिकडे जायचं ठरलं होतं’ हे वाक्य नुसतं बोलणंच राहतं. शिवाय हेच पाच शॉट निकाल काहीही लागला तरी चालतात. गाडी आली तरी, नाही आली तरी.

टेक्स्ट आधी लिहिल्याने शॉट बदलतो

टेक्स्ट ही एडिटिंगमध्ये वरून चिकटवायची गोष्ट आहे, असा समज बराच पसरलेला आहे. प्रत्यक्षात, कुठल्या शॉटवर टेक्स्ट येणार हे आधी माहीत असेल तर तो शॉट घेण्याची पद्धतच बदलते. तीन बाबतींत.

पहिली बाब वेळ. साधा बी-रोल शॉट स्क्रीनवर तीन-चार सेकंद राहतो. ‘रस्ता बंद’ एवढी दोन शब्दांची पट्टी त्यात आरामात वाचून होते. पण दोन ठिकाणं आणि त्यांची अंतरं अशी तुलना दाखवायची असेल तर पाच-सहा सेकंद लागतात. माझं माप असं: टेक्स्ट मनातल्या मनात शांतपणे दोनदा वाचायचं आणि जेवढा वेळ लागेल तेवढा त्याला द्यायचा. आपल्याला ते आधीच पाठ असतं, म्हणून एकदा वाचून भागत नाही. त्यात सुरुवातीला आणि शेवटी कॅमेरा हलण्याचे दोन-दोन सेकंद धरले की सहा सेकंदांच्या टेक्स्टसाठी दहा सेकंदांपेक्षा कमी शॉट घेऊन चालत नाही. वरच्या नमुन्यात चित्र १ ला १२ सेकंद लिहिलेत ते याच हिशोबाने. टेक्स्ट चालू असताना मधेच कट आला की नजर नव्या चित्राकडे धावते आणि वाचणं अर्धवट राहतं, त्यामुळे दोन तोकडे शॉट जोडून वेळ भरून काढणं हा उपाय नाही.

दुसरी बाब जागा. पाटीचा शॉट घेताना आपण साहजिकच पाटी मधोमध आणि फ्रेम भरून घेतो. मग अक्षरं कुठे टाकणार? पाटी एका बाजूला सरकवून दुसऱ्या बाजूला भिंत, आकाश किंवा रस्ता असा सपाट भाग ठेवला की टेक्स्टला आयती जागा मिळते. हा भाग शक्यतो खालचा नसावा. यूट्यूबवर कॅप्शन चालू केली की ती सहसा खाली मधोमध येतात आणि स्क्रीनला हात लावला की प्लेअरची पट्टीही तिथेच उमटते. त्याच शॉटमधून उभा व्हिडिओ कापायचा असेल तर उजवी कडही धोक्याची, कारण शॉर्ट्समध्ये तिथे बटणांची रांग असते. डावीकडे, मध्यापासून थोडं वर, ही दोन्हींकडे बऱ्यापैकी सुरक्षित जागा आहे. उभ्या व्हिडिओत आडव्या फ्रेमच्या दोन्ही बाजू कापल्या जातात हे मात्र विसरू नका. तिथे टेक्स्ट नव्याने बसवावं लागतं.

तिसरी बाब हालचाल. टेक्स्टखालचा शॉट स्थिर हवा. कॅमेरा फिरतोय, मागून माणसं जाताहेत आणि वर अक्षरं, असं असलं की फोनवर काहीच धड वाचता येत नाही. ट्रायपॉड नसेल तर कॅमेरा बॅगेवर, कठड्यावर, कशावरही टेकवा. चालताना घेतलेले शॉट टेक्स्टशिवाय वापरायचे, हे स्क्रिप्टमध्येच लिहून टाकलेलं बरं. मी टेक्स्टच्या शॉटपुढे नुसतं ‘ट’ लिहितो. शूट करताना ‘ट’ दिसला की तिन्ही गोष्टी आठवतात.

टेक्स्ट शब्दाला बांधा, मिनिट-सेकंदाला नको

बेत ठरलेल्या व्हिडिओत ‘दोन मिनिटं दहा सेकंदांवर पट्टी’ असं लिहिता येतं. इथे ते अशक्य आहे, कारण एखादा कप्पा पूर्ण गळेल किंवा दुसरा दुप्पट वाढेल. म्हणून टेक्स्टची खूण आवाजातल्या शब्दावर लावायची. ज्या शब्दावर अक्षरं उमटायची त्या शब्दापुढे ट१, ट२ असं लिहायचं आणि टेक्स्टच्या रकान्यात त्याचा मजकूर व तो किती सेकंद ठेवायचा ते लिहायचं. कप्पा पुढेमागे सरकला की खूणही त्याच्याबरोबर सरकते.

खूण कुठल्या शब्दावर लावायची यालाही थोडी अक्कल लागते. ‘शेवटी कळलं की रस्ता बंद आहे’ या वाक्याच्या सुरुवातीलाच ‘रस्ता बंद’ अशी अक्षरं आली तर बातमी आवाजाच्या आधी फुटली. माणूस ऐकण्यापेक्षा वेगाने वाचतो. म्हणून बातमीचं टेक्स्ट त्या शब्दावर किंवा किंचित नंतर यावं. वेळ, ठिकाण, अंतर अशी पार्श्वभूमी सांगणारं टेक्स्ट मात्र वाक्य सुरू व्हायच्या आधी आलेलं चांगलं. ते वाचून होतं आणि मग कान मोकळे होतात.

एक प्रसंग, शॉटनिशी

समजा, तुम्ही एका छोट्या गावाच्या बस स्टँडवर आहात. एका दिशेला डोंगरातलं तळं, दुसऱ्या दिशेला नदीकाठचं गाव. तळ्याच्या बसची वेळ ११:३०. सव्वाबारा वाजतात तरी बस नाही. खिडकीवर चौकशी केल्यावर कळतं की वरचा रस्ता बंद आहे, आज गाडी येणार नाही. समोर नदीकडे जाणारी जीप भरतेय. तुम्ही तिच्यात बसता. रात्री ‘फाटा’ कप्प्यातला आवाज भरल्यावर तो असा होतो:

‘तळ्याकडे जायचं जवळजवळ ठरलं होतं. बसची वाट पाहत बसलो, फलाट रिकामाच. शेवटी खिडकीवर जाऊन विचारलं, तर कळलं की वरचा रस्ता बंद आहे आणि आज गाडी येणारच नाही. समोर एक जीप भरत होती. ती नदीकडे जाणार होती. आम्ही मागच्या सीटवर बसलो.’

हे ४० शब्द आहेत. तुमचा बोलण्याचा वेग एकदा मोजून ठेवा. कुठलाही परिच्छेद मिनिटभर वाचा आणि शब्द मोजा. इथे मिनिटाला १२०, म्हणजे सेकंदाला दोन शब्द धरू. एकूण वीस सेकंद. आता वाक्यागणिक चित्र लावू.

पहिल्या वाक्यात पाच शब्द, म्हणजे अडीच सेकंद. त्यावर वेळापत्रकाचा शॉट आणि दोन्ही अंतरांचं टेक्स्ट. पण ते टेक्स्ट वाचायलाच पाच-सहा सेकंद लागतात. म्हणजे हा शॉट आवाजाच्या तीन सेकंद आधी सुरू व्हायला हवा, नुसत्या स्टँडच्या गोंगाटावर. हे वाक्य लिहितानाच कळलं तर ‘आधी ३ से. फक्त जागेचा आवाज’ अशी नोंद चित्राच्या रकान्यात जाते. नाही कळलं तर एडिटिंगमध्ये टेक्स्ट अर्ध्यावर कापावं लागतं.

दुसरं वाक्य तीन सेकंदांचं. रिकाम्या फलाटाचा लांबून घेतलेला शॉट, वर फक्त ‘१२:१५’. वेळापत्रकावर ११:३० स्पष्ट दिसत असेल तर बस किती वेळ आली नाही, हे प्रेक्षक स्वतःच जुळवतो. आवाजाला उशिराबद्दल बोलावं लागत नाही. वेळापत्रक प्रेक्षकांना न कळणाऱ्या लिपीत असेल किंवा ते कॅमेऱ्यात वाचता येत नसेल, तर मात्र पहिल्या शॉटच्या टेक्स्टमध्येच ‘११:३० ची बस’ हे घालावं लागेल.

तिसरं वाक्य अडचणीचं. सोळा शब्द, आठ सेकंद, आणि खिडकीवरचं बोलणं तुम्ही शूट केलेलं नाही. परवानगी न विचारता करूही नये. एक शॉट आठ सेकंद ताणला तर कंटाळवाणा होतो, म्हणून इथे दोन हवेत: चौकशीची खिडकी लांबून, माणूस ओळखू येणार नाही अशी, चार सेकंद, आणि बॅग खांद्यावर चढवणारे हात, चार सेकंद. ‘रस्ता बंद’ हे टेक्स्ट दुसऱ्या शॉटवर, ‘बंद’ या शब्दापाशी, तीन सेकंद. शब्दांचा हिशोब केला तर वाक्याच्या सुरुवातीपासून ‘बंद’ पाचेक सेकंदांवर येतो, म्हणजे तोपर्यंत हातांचा शॉट सुरू झालेला असतो. टेक्स्ट कटवर पडत नाही.

पुढची दोन छोटी वाक्यं मिळून साडेचार सेकंद. जीपवर सामान बांधलं जातंय, एकच शॉट. शेवटचं वाक्य दोन सेकंदांचं आणि त्यावर मागच्या सीटवरून दिसणारा रस्ता. हा शॉट आवाज संपल्यावर आणखी चार-पाच सेकंद चालू द्यायचा आणि नदीकाठच्या गावाचं नाव तिथे येऊ द्यायचं, म्हणजे पुढचा कप्पा आपोआप उघडतो.

एकूण सहा शॉट, अठ्ठावीस सेकंदांच्या आसपास, चार टेक्स्ट. यातले पहिले दोन शॉट बस रद्द झाल्याचं कळायच्या आधी घेतलेले आहेत. ते हातात आहेत, कारण कप्प्याने मागितले होते. नेहमीच्या सवयीने वेळापत्रक कोण बारा सेकंद शूट करतो?

बातमी कळल्या कळल्या एक काम आणखी करायचं. कॅमेरा स्वतःकडे वळवून, फार सजावट न करता, पंधरा सेकंदांत काय बदललं ते सांगून टाकायचं. चित्र वाईट आलं तरी चालेल. पुढे त्यावर बी-रोल टाकून नुसता आवाज वापरता येतो, आणि त्या क्षणाचा वैताग किंवा हसू घरी बसून परत आणता येत नाही.

रात्रीची भरणी

कंस भरायचे ते त्याच रात्री. आठवड्याने गावाचं नाव आठवतं, पण बस किती वाजताची होती ते आठवत नाही. तीन गोष्टी करायच्या. कंसातली माहिती भरायची. आवाजाचा कच्चा मजकूर लिहायचा. आणि प्रत्येक ओळीपुढे क्लिपचा क्रमांक टाकायचा. कॅमेरा फाइलला C0042.MP4 असं काहीतरी नाव देतो, त्यातले आकडे पुरेत. शूट करतानाच क्लिपच्या शेवटी ‘फाटा, चित्र दोन’ असं पुटपुटलं तर रात्री शोधाशोध वाचते. सुरुवातीला बोललात तर तो क्षण निसटतो, म्हणून शेवटी.

शॉट मर्यादित ठेवण्याचं खरं कारण इथे समजतं. दिवसभरात दहा-दहा सेकंदांचे साठ शॉट घेतले तर एकूण दहा मिनिटं होतात, आणि ते रात्री बघून होतात. १०० मेगाबिट प्रति सेकंद या दराने रेकॉर्ड करत असाल तर दहा मिनिटांचे साडेसात जीबी होतात. कॅमेरा तासभर चालूच ठेवला तर ४५ जीबी, आणि ते कोणी बघत नाही.

भरणी करताना भोकं दिसतात. ज्या ओळीपुढे क्लिपचा क्रमांक नाही, ते भोक. त्यांची यादी दोन भागांत करावी. काही शॉट उद्याही घेता येतात: बॅग उचलणारे हात, बूट, नकाशावरचं बोट, धावतं चाक. फक्त तोच शर्ट आणि तीच बॅग असू द्या, आणि आज ऊन होतं तर उद्या ढगात घेऊ नका. दुसऱ्या प्रकारचे शॉट परत मिळत नाहीत: त्या स्टँडची पाटी, तो माणूस, ती गर्दी. तिथे टेक्स्ट मदतीला येतं. साध्या एकरंगी पार्श्वभूमीवर ‘१२:१५. बस आलीच नाही.’ एवढं कार्ड तीन सेकंद, मागे त्या जागेचा आवाज. व्हिडिओत अशी एक-दोन कार्डं ठीक. पाच झाली की प्रेक्षकाला कळतं की तुमच्याकडे फुटेज नव्हतं.

एक गोष्ट मात्र टाळायची. दुसऱ्याच डोंगरातला रस्ता ‘हाच तो बंद रस्ता’ म्हणून दाखवायचा नाही. हात कुणाचेही चालतात, चाक कुठलंही चालतं, पण ज्या शॉटबरोबर ठिकाणाचा दावा जातो तो तिथलाच हवा. त्या भागातला एक जरी प्रेक्षक असला तरी तो पहिल्याच मिनिटाला ओळखतो, आणि मग तुमच्या टेक्स्टमधले खरे आकडेही संशयात येतात.

माणसांच्या कप्प्याबद्दल थोडंसं. कुणाशी बोललात तर नाव स्क्रीनवर टाकू का, आणि कसं लिहायचं, हे त्यांनाच विचारून तिथेच कॅमेऱ्यात बोलून ठेवा. बोलणं प्रेक्षकांना न समजणाऱ्या भाषेत असेल तर खाली भाषांतराच्या ओळी येणार, म्हणून अशा शॉटमध्ये चेहरा नेहमीपेक्षा थोडा वर ठेवा आणि नावाची पट्टी पहिल्या दोन-तीन सेकंदांत संपवा. दोन्ही एकदम आल्या तर नाव कोणी वाचत नाही.

चुकलंय हे कसं ओळखायचं

कच्चं एडिटिंग झालं की दोनदा बघायचं. पहिल्यांदा आवाज बंद करून. आपण कुठे आहोत, किती वाजलेत आणि दिशा कधी बदलली हे नुसतं बघून कळलं पाहिजे. जिथे कळत नाही तिथे टेक्स्ट कमी पडलंय किंवा चुकीच्या शॉटवर बसलंय. दुसऱ्यांदा स्क्रीन पालथी घालून, फक्त ऐकायचं. आवाज एखादं नाव किंवा आकडा सांगतोय आणि तोच टेक्स्टमध्येही आहे असं आढळलं तर आवाजातला काढायचा. अपवाद एकच: ज्या नावाचा उच्चार वाचून कळत नाही, ते एकदा आवाजातही यावं.

मराठी अक्षरांची चाचणी मात्र प्रवासाआधीच करून घ्या. काही एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये किंवा काही फॉन्टमध्ये जोडाक्षरं फुटतात, ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. ‘प्रत्यक्ष’, ‘दुसऱ्या’, ‘किल्ला’ असे दोन-चार शब्द टाइप केले की लगेच समजतं. देवनागरीत मात्रा वर आणि उकार खाली जातात, त्यामुळे दोन ओळींत रोमन लिपीपेक्षा जास्त अंतर लागतं. सॉफ्टवेअरने दिलेलं अंतर तसंच ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेत घुसतो. बारीक रेघांचा फॉन्ट लॅपटॉपवर सुंदर दिसतो, फोनवर उन्हात दिसेनासा होतो. म्हणून एक फ्रेम फोनवर पाठवायची, हात लांब करून बघायची, आणि वाचताना डोळे बारीक करावे लागले तर अक्षरं मोठी करायची.

राहिला ‘निघणं’ हा कप्पा. यूट्यूबवर शेवटी पुढच्या व्हिडिओचे चौकोन दाखवायचे असतील तर ते व्हिडिओच्या शेवटच्या ५ ते २० सेकंदांतच लावता येतात. म्हणजे इथे वीस-पंचवीस सेकंदांचा, स्थिर, दोन मोठे चौकोन मावतील एवढी मोकळी जागा असलेला एकच शॉट लागतो. बेत नसताना प्रवासाचा शेवटचा दिवस कुठला हेही आधी कळत नाही. म्हणून स्क्रिप्टमध्ये या शॉटपुढे ‘रोज संध्याकाळी एक’ असं लिहून ठेवा आणि व्हिडिओ अपलोड होईपर्यंत त्यातला एकही डिलीट करू नका.